अवितरित संदेश

अवितरित संदेश : पाठविणाऱ्याच्या भ्रमणध्वनीवरून (मोबाइल फोनवरून) निघालेला, परंतु ज्याच्याकडे पाठविला त्याचा फोन बंद असल्यामुळे किंवा जाळ्याच्या बाहेर असल्यामुळे त्याच्यापर्यंत न पोहोचलेला संदेश. असा संदेश मधल्या काळात संदेशसेवा चालविणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर (सेवा देणाऱ्या मध्यवर्ती संगणकावर) थांबून राहतो. हा थांबण्याचा काळ अमर्याद नसतो. व्हॉट्‌सॲप या भारतात सर्वाधिक प्रचारात असलेल्या सेवांपैकी एका सेवेत तो जास्तीत जास्त ३० दिवसांचा आहे. ही मुदत संपली की संदेश सर्व्हरवरून काढून टाकला जातो आणि पाठविणाऱ्याला तसे कळविले जात नाही.

टपालाने पाठविलेले पत्र पत्ता सापडला नाही किंवा घर बंद असले, तर काही दिवस टपाल कार्यालयात राहते आणि नंतर शेरा मारून पाठविणाऱ्याकडे परत येते. पत्र पोहोचले नाही, ही गोष्ट त्या शेऱ्यावरूनच समजते. विद्युतीय संदेशाच्या बाबतीत मात्र परत येणे असे काही घडत नाही. संदेशाची मूळ प्रत पाठविणाऱ्याच्या फोनमध्ये पूर्वीसारखीच दिसत राहते व सर्व्हरवरील प्रत नाहीशी होते. यामुळे आठवडेच्या आठवडे फोन बंद ठेवणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत कोणते संदेश मिळतील व कोणते मिळणार नाहीत, हे समजण्यासाठी संदेश सर्व्हरवर कसा थांबतो ते पाहावे लागते.

लघुसंदेशातील मुदत : साठवून पुढे पाठविण्याची ही पद्धत भ्रमणध्वनीवरील लघुसंदेशापासून (एसएमएसपासून) चालत आलेली आहे. पहिला लघुसंदेश ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये एका संगणकावरून भ्रमणध्वनीवर पाठविण्यात आला. लघुसंदेश एका फोनवरून दुसऱ्या फोनवर थेट जात नाही. तो प्रथम दूरध्वनी कंपनीच्या लघुसंदेश केंद्रात जातो. ग्राहकाचा फोन बंद असल्यास केंद्राला ‘ग्राहक अनुपस्थित’ असे उत्तर मिळते आणि ग्राहकांची नोंद ठेवणाऱ्या मूळ नोंदपटात, या क्रमांकासाठी संदेश थांबलेला आहे, अशी खूण केली जाते. फोन चालू होऊन जवळच्या मनोऱ्याशी जोडला गेला की नोंदपट केंद्राला सूचना देतो व केंद्र संदेश पुन्हा पाठविते.

संदेश किती काळ जपावा, हे संदेशाबरोबरच पाठविल्या जाणाऱ्या एका अंकाने सांगता येते. या अंकाची किंमत ० ते २५५ असते. १४३ पर्यंतचे अंक पाच-पाच मिनिटांच्या टप्प्यांनी बारा तासांपर्यंतची मुदत दाखवितात, १६७ हा अंक एक दिवस, १७३ सात दिवस, १९६ तीस दिवस आणि २५५ हा त्रेसष्ट आठवडे दाखवितो. म्हणजे संकेतानुसार एखादा लघुसंदेश वर्षाहून अधिक काळ थांबू शकतो. प्रत्यक्षात मात्र दूरध्वनी कंपनीचे केंद्र आपली कमाल मर्यादा ठरविते आणि ती याहून पुष्कळच कमी असते. पाठविणाऱ्याने पोच मागितली असेल, तर मुदत संपल्याचे वृत्तही त्याला मिळू शकते. पुढील काळातील संदेशसेवांनी साठवून पाठविण्याची कल्पना उचलली. परंतु न पोहोचल्याचे कळविण्याची ही सोय मात्र त्यांच्यापैकी बहुतेकांत राहिली नाही.

व्हॉट्‌सॲपमधील प्रतीक्षा : व्हॉट्‌सॲप ही सेवा २००९ साली सुरू झाली व २०१४ मध्ये फेसबुक कंपनीने ती विकत घेतली. या सेवेत संदेश सर्व्हरवर कायमचा साठविला जात नाही. तो पोहोचता झाला की सर्व्हरवरील प्रत काढून टाकण्यात येते. ज्याच्याकडे पाठवावयाचा त्याचा फोन त्या वेळी जोडलेला नसेल, तर संदेश त्याच्या नावे असलेल्या रांगेत ठेवला जातो. कंपनीच्या जाहीर धोरणानुसार असा संदेश कूटबद्ध स्वरूपात जास्तीत जास्त ३० दिवस ठेवून तो पोहोचविण्याचा प्रयत्न केला जातो आणि त्यानंतरही तो पोहोचला नाही, तर पुसून टाकला जातो.

या नियमाबाबत एक गैरसमज वारंवार आढळतो. फोन बंद केल्याच्या दिवसापासून तीस दिवस मोजले जातात आणि त्यानंतर फोन चालू केल्यास काहीच मिळत नाही, असे अनेकांना वाटते. वस्तुतः मुदत फोनची नसून संदेशाची असते. प्रत्येक संदेश सर्व्हरवर पोहोचल्याच्या क्षणापासून त्याचे स्वतंत्र तीस दिवस सुरू होतात. त्यामुळे रांगेच्या एका टोकाला नवे संदेश येत राहतात आणि दुसऱ्या टोकाचे जुने संदेश गळत जातात. फोन चालू होतो त्या दिवशी रांगेत असतात ते फक्त मागील तीस दिवसांतील संदेश.

एक उदाहरण : नासिक जिल्ह्यातील इगतपुरी येथे विपश्यना साधनेची दहा दिवसांची शिबिरे भरतात, तसेच जुन्या साधकांसाठी तीस, पंचेचाळीस व साठ दिवसांची दीर्घ शिबिरेही होतात. या काळात साधकाला फोन जवळ ठेवता येत नाही. समजा, एका साधकाने १ जानेवारीला सकाळी फोन बंद करून तो जमा केला आणि पंचेचाळीस दिवसांनी, म्हणजे १५ फेब्रुवारीला सकाळी, तो पुन्हा चालू केला.

४ जानेवारीला एका मित्राने त्याला लग्नाचे आमंत्रण पाठविले. त्या संदेशाची मुदत ३ फेब्रुवारीला संपली व तो पुसला गेला. १५ जानेवारीला बहिणीने आईच्या प्रकृतीविषयी लिहिले. त्याची मुदत १४ फेब्रुवारीला, म्हणजे फोन चालू होण्याच्या आदल्याच दिवशी, संपली. १७ जानेवारीला तिने पाठविलेल्या दुसऱ्या संदेशाची मुदत मात्र १६ फेब्रुवारीपर्यंत होती. साधकाने फोन चालू करताच हा दुसरा संदेश आणि त्यापुढचे सर्व संदेश एकामागून एक येऊ लागले. ‘आता ताप उतरला आहे’ एवढेच त्याला वाचावयास मिळाले. ताप आला होता हे सांगणारा संदेश मिळाला नाही. पंचेचाळीस दिवसांपैकी पहिल्या पंधरा दिवसांतील मजकूर अशा रीतीने गळतो व नंतरच्या तीस दिवसांतील मिळतो. दहा दिवसांच्या शिबिरात अथवा आळंदीहून पंढरपूरला पायी जाऊन येणाऱ्या वारकऱ्याने तीन आठवडे फोन बंद ठेवला, तरी यांपैकी काहीही घडत नाही. कारण सर्वांत जुना संदेशही मुदतीच्या आतच असतो.

दोन खुणा व त्यांचा अर्थ : संदेश सर्व्हरवर पोहोचला की पाठविणाऱ्याच्या पडद्यावर त्यापुढे एक करडी टिक उमटते. ज्याला पाठविला त्याच्या उपकरणावर तो उतरला की दुसरी टिक उमटते आणि तो वाचला गेल्यावर, वाचल्याची पोच बंद केलेली नसल्यास, दोन्ही टिका निळ्या होतात. थांबलेला संदेश म्हणजे एक टिक असलेला संदेश होय. तीस दिवसांनंतर संदेश पुसला गेला, तरी ही एक टिक तशीच राहते. थांबलेला संदेश आणि नाहीसा झालेला संदेश यांत पाठविणाऱ्याला पडद्यावरून फरक करता येत नाही. त्याला तारखेचाच आधार घ्यावा लागतो. पाठविल्यावर तीस दिवस उलटून गेले आणि टिक एकच असेल, तर तो संदेश आता पोहोचणार नाही असे समजून पुन्हा पाठविणे, हाच उपाय असतो. एक टिक राहण्यास फोन बंद असणे हे एकमेव कारण नसते. समोरच्याने क्रमांक अडविला असेल किंवा ॲप काढून टाकले असेल, तरी हेच चित्र दिसते.

गटातील संदेशांच्या बाबतीत दुसरी टिक सर्व सभासदांकडे संदेश पोहोचल्यावरच उमटते. त्यामुळे एका सभासदाचा फोन बंद असला, तरी संदेशापुढे एकच टिक राहते. कोणाकडे पोहोचला व कोणाकडे नाही, हे संदेशाच्या माहितीत पाहता येते.

घेणाऱ्याच्या बाजूने गळलेल्या संदेशांचा पत्ता लागणे आणखी कठीण असते, कारण पुसलेल्या संदेशाची रिकामी जागादेखील संभाषणात दिसत नाही. गटातील कोणी जुन्या संदेशाला जोडून उत्तर दिले असेल, तर त्या उत्तरात मूळ संदेशाचा मजकूर अंशतः दिसतो, परंतु मूळ संदेश शोधून सापडत नाही. मधला भाग गळल्याची ही एक खूण असू शकते. आपल्या साठवणीच्या प्रतीतून (बॅकअपमधून) असे संदेश परत मिळत नाहीत. जे फोनवर कधी आलेच नाही, ते साठवणीतही नसते. पाठविणाऱ्याकडची प्रत तेवढी शिल्लक असते.

जोडलेली उपकरणे : २०२१ पासून व्हॉट्‌सॲपमध्ये एकाच खात्याला फोनखेरीज संगणकासारखी इतर उपकरणे जोडता येतात आणि ती फोन बंद असतानाही संदेश घेतात. संदेश प्रत्येक उपकरणासाठी वेगळा कूटबद्ध केला जातो. त्यामुळे वरील उदाहरणातील साधकाच्या घरी जोडलेला संगणक चालू राहिला असता, तर मित्राचे आमंत्रण त्यावर उतरले असते आणि पाठविणाऱ्याला दोन टिकाही दिसल्या असत्या. मात्र खात्याचा मुख्य फोन १४ दिवसांहून अधिक काळ वापरला गेला नाही, तर जोडलेली उपकरणे आपोआप खात्यापासून तोडली जातात. म्हणून दोन टिका म्हणजे व्यक्तीला संदेश मिळाला, असे मानता येत नाही. तो तिच्या कोणत्या तरी एका उपकरणावर पोहोचला, एवढाच त्याचा अर्थ होतो.

कूटबद्ध संदेश व किल्ल्या : एप्रिल २०१६ पासून व्हॉट्‌सॲपवरील सर्व संदेश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कूटबद्ध असतात. सर्व्हरवर थांबलेला संदेश कंपनीलाही वाचता येत नाही. तो उघडणारी किल्ली घेणाऱ्याच्या फोनमध्येच असते. येथे एक प्रश्न उद्भवतो. दोन फोनांमध्ये पूर्वी कधी संभाषण झाले नसेल आणि त्यांपैकी एक बंद असेल, तर पाठविणाऱ्याने कोणत्या किल्लीने संदेश कुलूपबंद करावा? यासाठी प्रत्येक फोन नोंदणीच्या वेळीच आपल्या जाहीर किल्ल्यांचा एक साठा सर्व्हरवर ठेवतो. त्यांपैकी काही एकदाच वापरावयाच्या असतात. प्रत्येक नवा पाठविणारा त्यांतील एक उचलतो आणि तिच्या साहाय्याने संदेश कूटबद्ध करतो. जिने तो उघडता येतो ती तिची जोडीदार खाजगी किल्ली मात्र बंद फोनमध्येच राहते. फोन बराच काळ बंद राहिल्यास एकदाच वापरावयाच्या किल्ल्या संपू शकतात. मग त्यांच्याशिवायच, फोनच्या सहीने प्रमाणित केलेल्या सामायिक किल्लीवर काम भागविले जाते. त्यामुळे किल्ल्या संपल्या म्हणून संदेश अडत नाही.

खरी अडचण येते ती फोन हरवून त्याच्या जागी नवा फोन घेतल्यास किंवा ॲप पुन्हा स्थापन केल्यास. नव्या फोनमध्ये नव्या किल्ल्या तयार होतात. रांगेत थांबलेले संदेश जुन्या किल्लीसाठी कुलूपबंद केलेले असतात आणि ती किल्ली जुन्या फोनबरोबर गेलेली असते. अशा वेळी संदेश तीस दिवसांच्या आत असूनही उघडत नाही. त्याच्या जागी संदेशाची वाट पाहत असल्याची सूचना दिसते. नवा फोन पाठविणाऱ्याच्या फोनला तसे कळवितो आणि पाठविणाऱ्याचा फोन तोच संदेश नव्या किल्लीने पुन्हा कूटबद्ध करून पाठवितो. यासाठी पाठविणाऱ्याचा फोन चालू व जोडलेला असणे आवश्यक असते.

ही पद्धत जानेवारी २०१७ मध्ये वादाचा विषय झाली. अवितरित संदेश पाठविणाऱ्याला न विचारता नव्या किल्लीने पुन्हा पाठविले जात असल्यामुळे, क्रमांक बळकावणाऱ्या तिऱ्हाइताला ते मिळू शकतील, अशी टीका झाली. द गार्डियन या ब्रिटिश वृत्तपत्राने तिला ‘मागील दार’ म्हटले. अनेक सुरक्षातज्ञांनी खुले पत्र लिहून या शब्दाला आक्षेप घेतला व वृत्तपत्राने नंतर आपल्या वृत्तातील त्रुटी मान्य केल्या. वादाच्या मुळाशी असलेला पेच मात्र खरा होता. किल्ली बदलली की संदेश थांबवून पाठविणाऱ्याची अनुमती घेतली, तर नवा फोन घेणाऱ्या लाखो लोकांचे संदेश अडून राहतात; न विचारता पाठविले, तर क्वचित ते भलत्याच्या हाती पडू शकतात. व्हॉट्‌सॲपने दुसरा मार्ग पत्करला आहे. किल्ली बदलल्याची सूचना हवी असल्यास ती सुरक्षा-व्यवस्थेत जाऊन चालू करता येते.

इतर सेवा : ॲपल कंपनीची आयमेसेज सेवाही न पोहोचलेले संदेश ३० दिवसांपर्यंत ठेवते. याउलट टेलिग्राम सेवेतील नेहमीची संभाषणे मुळातच कंपनीच्या सर्व्हरवर राहतात. फोन ही ती पाहण्याची केवळ खिडकी असते. तेथे फोन तीन महिन्यांनी चालू केला, तरी खाते अबाधित असेपर्यंत सर्व संदेश दिसतात. त्याची किंमत अशी, की त्या संभाषणांना दोन टोकांमधील कूटबद्धतेचे संरक्षण नसते. साठवण जितकी दीर्घ तितके दुसऱ्याच्या ताब्यात राहणारे लिखाण अधिक, असा हा व्यवहार आहे.

संदेश आणि त्याची सूचना या दोन भिन्न गोष्टी आहेत, हेही लक्षात घ्यावे लागते. अँड्रॉइड फोनवर ‘नवा संदेश आला’ ही सूचना बहुधा गूगलच्या स्वतंत्र सर्व्हरवरून येते. तेथे सूचना जास्तीत जास्त चार आठवडे राहते आणि एका फोनवर एका ॲपच्या शंभरांहून अधिक वेगवेगळ्या सूचना साचल्या, तर त्या सर्व टाकून दिल्या जातात. अशा वेळी फोन चालू झाल्यावर घंटा वाजत नाही. परंतु ॲप उघडताच ते आपल्या सर्व्हरशी जोडले जाते व तेथे थांबलेले संदेश उतरवून घेते. म्हणून दीर्घ काळानंतर फोन चालू केल्यावर सूचनांवर विसंबून न राहता प्रत्येक ॲप उघडून काही वेळ जाळ्याशी जोडलेले ठेवणे आवश्यक ठरते.

खात्याची मुदत : संदेशाच्या तीस दिवसांपलीकडे खात्यालाही मुदत असते. व्हॉट्‌सॲप खाते १२० दिवस वापरले गेले नाही, तर ते सामान्यतः काढून टाकले जाते. दूरध्वनी कंपन्या न वापरलेला क्रमांक काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला देतात. याचा विचार करून, ४५ दिवस न वापरलेले खाते एखाद्या वेगळ्या फोनवर नव्याने सुरू झाले, तर क्रमांक नव्या व्यक्तीकडे गेला असे गृहीत धरून जुन्या खात्याचे छायाचित्र व परिचयाची ओळ काढून टाकण्यात येते.

कायद्याच्या दृष्टीने : संदेश थांबला की पोहोचला, याला न्यायालयीन कामकाजातही महत्त्व आले आहे. जून २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका वसुली प्रकरणात व्हॉट्‌सॲपवरून पाठविलेली नोटीस बजावली गेली असे मान्य केले. संदेश नुसता पोहोचलेला नसून त्याला जोडलेले पत्रकही उघडले गेल्याचे टिकांवरून दिसत होते, हा त्याचा आधार होता. एकाच टिकेवर थांबलेल्या नोटिशीच्या बाबतीत असा निष्कर्ष काढता येत नाही. जुलै २०२० मध्ये, साथीच्या काळात, सर्वोच्च न्यायालयाने व्हॉट्‌सॲपसारख्या सेवांद्वारे नोटिसा पाठविण्यास मुभा दिली. मात्र जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने, पोलिसांनी फौजदारी प्रकरणात हजर राहण्याविषयीची नोटीस व्हॉट्‌सॲपवरून बजावू नये, असे निर्देश दिले. हजर न राहिल्यास अटकेचा प्रसंग येऊ शकतो अशा नोटिशीसाठी ती प्रत्यक्ष हाती पडणे आवश्यक मानले गेले.